साहेब फोनवर ‘हो’ म्हणाले, पण पगार कापला: रजेचा निरोप आणि मंजुरी यांची नोंद कशी ठेवायची?

घरात कुणीतरी आजारी पडतं, सकाळी घाईघाईत साहेबांना फोन जातो, पलीकडून ‘ठीक आहे, जा’ असं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. महिन्याभराने पगाराची स्लिप हातात येते, तेव्हा त्यात चार दिवस बिनपगारी दाखवलेले असतात. विचारायला गेल्यावर एचआर विभाग सांगतो, ‘सिस्टीममध्ये मंजुरी दिसत नाही.’

खासगी नोकरीतल्या रजेच्या वादांचा हा अगदी नेहमीचा नमुना. अशा वादात निरोप पाठवला होता की नाही, हा प्रश्न बहुतेक वेळा पटकन सुटतो, कारण पाठवलेला मेसेज फोनमध्ये असतोच. अडतं ते मंजुरीवर. होकार कुणी दिला, कोणत्या दिवसांसाठी दिला आणि तो देण्याचा अधिकार त्या व्यक्तीला होता का, हे नंतर दाखवता येत नाही. म्हणून नोंद ठेवायची तर ती या दुसऱ्या अर्ध्या भागाची जास्त काळजीने ठेवावी लागते.

कळवणं आणि मंजुरी मिळणं यात फरक काय?

‘मी आज येत नाही’ ही माहिती झाली. ‘मला आज रजा मिळावी’ हा अर्ज झाला. आणि ‘मंजूर’ हे त्यावरचं उत्तर. रोजच्या बोलण्यात या तिन्ही गोष्टी एकाच फोनमध्ये उरकल्या जातात, पण वाद झाला की त्या वेगळ्या मोजल्या जातात. नुसतं कळवून गैरहजर राहिलेला माणूस ‘न सांगता गायब झाला’ या आरोपातून सुटतो. मात्र त्याची रजा पगारी ठरेलच असं नाही.

जुन्या कारखानदारीच्या नियमांमध्ये हा फरक फार नीट मांडलेला होता. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना स्थायी आदेशांनुसार, कामगाराने रजेचा अर्ज केल्यावर मालकाने ठरावीक मुदतीत त्यावर आदेश द्यायचा असे. रजा त्याच दिवशी किंवा तीन दिवसांच्या आत सुरू होणार असेल, तर उत्तरही त्याच दिवशी. रजा मंजूर झाली तर कामगाराच्या हातात रजेचा पास यायचा. नाकारली तर नकार आणि त्याचं कारण रजिस्टरमध्ये लिहायचं आणि कामगाराने मागितल्यास त्या नोंदीची नक्कलही द्यायची.

आजच्या बहुतेक ऑफिसांमध्ये हा पास राहिलेला नाही. त्याची जागा एचआर पोर्टलवरच्या ‘Approved’ या शब्दाने घेतली आहे. जिथे पोर्टल नाही, तिथे व्हॉट्सॲपवरच्या ‘ओके’ने. अडचण अशी की पास कामगाराच्या खिशात असायचा, पोर्टल मात्र कंपनीच्या ताब्यात असतं.

फोनवरच्या होकाराचं काय करायचं?

कॉल लॉगमधून फोन कुणाला केला, किती वाजता केला आणि किती मिनिटं बोलणं झालं एवढंच कळतं. काय बोलणं झालं ते कळत नाही. त्यामुळे फोन ठेवल्यावर लगेच, शक्यतो त्याच तासात, झालेलं बोलणं त्याच व्यक्तीला लिहून पाठवणं हा सर्वांत सोपा उपाय आहे. मेसेज काहीसा असा असू शकतो:

‘सर, नमस्कार. आता ८:४० ला फोनवर बोलल्याप्रमाणे, आईला दवाखान्यात दाखल केल्यामुळे मी सोमवार ९ जून ते गुरुवार १२ जून, असे चार दिवस रजेवर आहे. आपण फोनवर होकार दिलात, धन्यवाद. शुक्रवारी १३ ला कामावर येईन. रजा पोर्टलवर आज-उद्या टाकते. यात काही बदल असेल तर कृपया कळवावे.’

या मेसेजमध्ये साहित्यिक काही नाही, पण प्रत्येक वाक्य कामाचं आहे. वार आणि तारीख दोन्ही दिल्यामुळे ‘मला वाटलं एकच दिवस’ असं नंतर म्हणता येत नाही. परतण्याचा दिवस लिहिल्यामुळे काम सोडून जाण्याचा हेतू नव्हता हे दिसतं. आणि ‘आपण होकार दिलात’ या वाक्याला समोरच्याने वेळीच आक्षेप घेतला नाही, तर नंतर ‘मी परवानगी दिलीच नव्हती’ हे सांगणं त्याला अवघड जातं. अशक्य होत नाही, पण अवघड नक्कीच होतं. घटना घडली तेव्हाच लिहिलेल्या मजकुराचं वजन सहा महिन्यांनी आठवून सांगितलेल्या हकिगतीपेक्षा जास्त असतं.

काहींना असा मेसेज पाठवणं उद्धटपणाचं वाटतं. साहेबांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, अशी भीती असते. ती अगदीच चुकीची नाही. म्हणून भाषा आठवण करून देणारी ठेवावी. ‘फोनवर बोलल्याप्रमाणे’ या शब्दांनी सुरू होणारा मेसेज सहसा कुणाला खटकत नाही.

ब्लू टिक, ‘ओके’ आणि अंगठा

निळ्या खुणांचा अर्थ एवढाच की मेसेज उघडला गेला. तो होकार नाही. तरीही त्याची नोंद असावी. व्हॉट्सॲपवर आपण पाठवलेला मेसेज दाबून धरला आणि ‘Info’ उघडलं की तो कधी पोचला आणि कधी वाचला गेला याच्या वेळा दिसतात. त्याचा स्क्रीनशॉट काढला तर ‘मला कळलंच नाही’ या उत्तराला उत्तर मिळतं. समोरच्याने ब्लू टिक बंद ठेवल्या असतील तर वाचल्याची वेळ दिसणार नाही, फक्त पोचल्याची दिसेल.

‘ओके’ची गंमत वेगळी असते. एकामागून एक तीन मेसेज गेले असतील, एक रजेचा, एक फाइलचा, एक चावीचा, आणि खाली फक्त ‘ओके’ आलं असेल, तर ते नेमकं कशाला आलं? म्हणून रजेचा मेसेज एकटा असावा, त्यात इतर काम मिसळू नये. समोरच्याने रजेच्या मेसेजलाच रिप्लाय करून उत्तर दिलं असेल तर प्रश्न उरत नाही. तसं नसेल तर ‘धन्यवाद सर, ९ ते १२ ची रजा मंजूर धरते’ असा एक ओळीचा मेसेज त्या ‘ओके’लाच रिप्लाय करून टाकावा.

अंगठ्याच्या इमोजीवरून तर कॅनडात खटला झाला होता. सस्कॅचेवान प्रांतातल्या न्यायालयाने २०२३ मध्ये एका शेतमाल खरेदीच्या व्यवहारात करारनाम्याच्या फोटोला उत्तर म्हणून आलेला अंगठा ही संमती मानली. तो निकाल भारतात बंधनकारक नाही, आणि तिथेही त्या दोघांमधल्या आधीच्या व्यवहारांची पद्धत पाहिली गेली होती. रजेच्या बाबतीतही हेच लक्षात घेता येतं. आधीच्या पाच रजांना साहेबांनी अंगठाच दिला असेल आणि त्या पाचही पगारी धरल्या गेल्या असतील, तर सहाव्या अंगठ्यालाही अर्थ मिळतो. त्यामुळे सुरळीत पार पडलेल्या जुन्या रजांचे मेसेजही पुसू नयेत.

मंजुरी देणारी व्यक्ती नेमकी कोण?

टीम लीडर रोजचं काम वाटतो, पण रजा मंजूर करण्याचा अधिकार मॅनेजरकडे असतो, असं कित्येक ठिकाणी चालतं. नेमणूकपत्रात किंवा रजेच्या धोरणात हे लिहिलेलं असतं आणि पोर्टलवर अर्ज टाकताना मंजुरी देणाऱ्याचं नावही दिसतं. ते नाव आणि ज्याला मेसेज केला ते नाव वेगळं असेल, तर मेसेज दोघांनाही जायला हवा. फक्त टीमच्या ग्रुपवर टाकलेला निरोप सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण उत्तर देण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. शिवाय ग्रुपमधून काढून टाकल्यावर पुढचं काही दिसत नाही.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, पुण्यातल्या एका माल वाहतूक कंपनीत बिलिंगचं काम करणारी एक कर्मचारी आहे. पगार महिना २७,००० रुपये, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात दिवसाला ९०० रुपये. रविवारी सुट्टी. वर दिलेला मेसेज तिने २०२५ च्या जूनमध्ये, सोमवारी ९ तारखेला टीम लीडरला पाठवला आणि त्यावर ‘ओके, काळजी घे’ असं उत्तर आलं. मंगळवारी तिने पोर्टलवर चार दिवसांचा अर्ज टाकला. त्याची स्थिती ‘Pending’ राहिली.

गुरुवारी संध्याकाळी कळलं की आईचं ऑपरेशन पुढे गेलंय. तिने मेसेज केला: ‘सर, १३ आणि १४ चीही रजा हवी आहे, सोमवारी १६ ला येते.’ ब्लू टिक आली, उत्तर आलं नाही. ती ठरल्याप्रमाणे सोमवारी हजर झाली.

त्याच आठवड्यात टीम लीडरची बदली झाली. त्याच्या नावावर अडकलेले अर्ज कुणी पाहिले नाहीत, पगाराची आकडेमोड २५ तारखेला बंद झाली आणि प्रलंबित अर्ज आपोआप नामंजूर झाले. स्लिपमध्ये सात दिवस बिनपगारी आले: ९ ते १४ हे सहा दिवस आणि वर मधला रविवारही. कापलेली रक्कम ६,३०० रुपये.

आता तिच्याकडच्या नोंदींचं मोल किती? पहिल्या चार दिवसांसाठी मेसेज आहे, त्यावरचं उत्तर आहे, पोर्टलवरच्या अर्जाचा तारखेसह स्क्रीनशॉट आहे. हे ३,६०० रुपये ती ठामपणे मागू शकते. पुढच्या दोन दिवसांसाठी फक्त निरोप आहे, मंजुरी नाही. तिथे ‘माझी रजा शिल्लक आहे, ती यात वळती करावी’ अशी विनंतीच करता येते. हक्काच्या भाषेत मागणी केली तर बाजू कमकुवत पडते. रविवारचं उत्तर मेसेजमध्ये नाहीच. रजेच्या मध्ये आलेली सुट्टी रजेत धरायची की नाही हे कंपनीच्या लेखी धोरणात काय म्हटलंय यावर ठरतं. इथे तर रविवारी आधी शनिवारी रजा आणि नंतर सोमवारी हजेरी होती. म्हणून तिने तो नियम लेखी मागवावा.

गुरुवारच्या अनुत्तरित मेसेजनंतर शुक्रवारी सकाळी तिने मॅनेजरला एक मेल केला असता, किंवा फोन करून त्याचा लेखी पाठपुरावा केला असता, तर हे दोन दिवसही पहिल्या चारांच्या रांगेत येऊ शकले असते. मुदतवाढ हीच रजेतली सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. पहिला अर्ज सगळे नीट करतात. वाढवलेल्या दिवसांचा निरोप दवाखान्याच्या कॉरिडॉरमधून अर्धवट जातो.

पैशांपलीकडे काय पणाला लागतं?

चार दिवसांचा पगार हा लहान वाद. मोठा वाद तेव्हा होतो, जेव्हा गैरहजेरीवरून नोकरीच जाते. नमुना स्थायी आदेशांमध्ये विनापरवाना सलग दहा दिवसांहून जास्त गैरहजेरी ही गैरवर्तणूक मानलेली होती. मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांच्या आत परत येऊन समाधानकारक कारण न दिल्यास नोकरीवरचा हक्क जाण्याची तरतूदही होती. अनेक कंपन्यांच्या नेमणूकपत्रांत अशाच आशयाचं कलम असतं.

पण ते कलम आपोआप लागू करता येत नाही. डी. के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज या प्रकरणात कंपनीचं म्हणणं होतं की कामगार आठ दिवसांहून अधिक काळ न कळवता गैरहजर राहिला. कामगाराचं म्हणणं होतं की तो रोज येत होता, गेटवरूनच त्याला परत पाठवलं जात होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटलं की बाजू मांडण्याची संधी न देता असं नाव कमी करणं नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. कामगाराला निम्म्या मागच्या पगारासह पुन्हा कामावर घेण्याचा आदेश झाला. २०१२ मध्ये कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक मुद्दा स्पष्ट केला: परवानगीशिवायची प्रत्येक गैरहजेरी जाणूनबुजून केलेली नसते. आजारपण, अपघात, दवाखाना अशी कारणं असू शकतात आणि हेतू होता हे चौकशीत सिद्ध व्हावं लागतं.

उदाहरणातले ते दोन अनुत्तरित दिवस इथे उपयोगी पडतात. मंजुरी नसली तरी कारण आणि परतण्याची तारीख वेळेवर कळवल्याचा पुरावा ‘जाणूनबुजून’ या शब्दाला छेद देतो.

कंपनी अशा वेळी ‘कामावर हजर व्हा’ अशी पत्रं पाठवते आणि ती जातात नोंदवलेल्या पत्त्यावर. तो पत्ता बहुतेकदा तीन खोल्या आधीच्या भाड्याच्या घराचा असतो. पत्र परत येतं आणि ‘कळवूनही हजर झाला नाही’ अशी नोंद होते. म्हणून पत्ता बदलला की लेखी कळवावा, आणि असं पत्र मिळालं तर त्याला उत्तर द्यावंच. उत्तरासोबत आधीचे मेसेज जोडावेत आणि ते पोच मिळेल अशा टपालाने व मेलने, दोन्हीकडून पाठवावं.

नाकारलेल्या रजेचीही नोंद

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा मिळते आणि ती वर्षअखेर वापरली नाही तर जाते. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा मिळते. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. त्यातली एक तरतूद मात्र फारशी कुणाला माहीत नसते: १५ दिवस आधी अर्ज करूनही मालकाने हक्काची अर्जित रजा नाकारली, तर ४५ दिवसांच्या वर जाणाऱ्या रजेचे पैसे मागता येतात.

हा हक्क नकारावरच उभा आहे. अर्ज १५ दिवस आधी केला होता आणि तो नाकारला गेला, हे दोन्ही दाखवता आलं नाही तर काही मिळत नाही. ‘सध्या खूप काम आहे, नंतर बघू’ असं तोंडी सांगितलं गेलं तर त्याचाही मेसेज करून ठेवावा. नाहीतर अर्जच मागे घेतला असं दिसतं.

नोंद कुठे आणि कशी ठेवायची?

स्क्रीनशॉट सोयीचे असतात, पण तेवढ्यावर थांबू नये. स्क्रीनशॉटमध्ये समोरच्याचा नंबर दिसत नाही, फक्त आपण सेव्ह केलेलं नाव दिसतं. म्हणून संपर्काचा नंबर उघडून त्याचाही एक फोटो सोबत ठेवावा. ‘Export chat’ वापरून काढलेली फाइल साध्या मजकुराची असते आणि ती कुणीही बदलू शकतं, त्यामुळे ती शोधायला उत्तम, पुरावा म्हणून अपुरी. मूळ संभाषण फोनमध्ये राहणं सर्वांत महत्त्वाचं. त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर रजेचं बोलणं त्यावर करू नये, मेल करावा.

मूळ फोनचं महत्त्व न्यायालयांनीही मानलं आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरण समोर आणलं तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही, पण नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खालच्या अशा प्रमाणपत्राचा नमुना दिला आहे. कंपनीच्या अंतर्गत चौकशीत आणि कामगार न्यायालयात पुराव्याचे नियम इतके काटेकोर नसतात. तरी जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्यापूर्वी एकदा विचार करावा.

पोर्टल आणि कंपनीचा मेल यांचा धोका वेगळा आहे. नोकरी संपली की दोन्ही त्याच संध्याकाळी बंद होऊ शकतात, आणि वाद नेमका त्यानंतर सुरू होतो. म्हणून रजा मंजूर झाली की तेव्हाच तो स्क्रीन किंवा पीडीएफ स्वतःकडे उतरवून घ्यावा. यात एक मर्यादा पाळावी: स्वतःच्या रजेचा अर्ज आणि उत्तर एवढंच घ्यावं. ग्राहकांची माहिती असलेले मेल सरसकट खासगी पत्त्यावर पाठवले तर माहिती बाहेर नेल्याचा नवाच आरोप उभा राहू शकतो.

या सगळ्यासाठी वहीचं एक पान किंवा साधी एक्सेल शीट पुरते. एका रजेला एक ओळ: किती तारखेची रजा, निरोप कधी आणि कुणाला, कशावरून, उत्तर कधी आणि कोणत्या शब्दांत, पोर्टलची स्थिती, आणि शेवटी त्या महिन्याच्या स्लिपमध्ये काय दिसलं. शेवटचा रकाना बहुतेकजण विसरतात. खरं तर गडबड सर्वांत आधी तिथेच दिसते. ‘LOP’ किंवा ‘LWP’ समोर शून्याऐवजी आकडा दिसला, तर त्याच आठवड्यात मेल करावा. तीन स्लिपा गप्प बसून स्वीकारल्यानंतर केलेली तक्रार दुबळी वाटते.

किती काळ जपायची?

वेतन संहितेत पगाराच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे तीन वर्षं तर हवीतच. पण ग्रॅच्युइटीसाठी सलग सेवा पाहिली जाते आणि विनापरवाना गैरहजेरी सेवेतला खंड ठरवण्याचा आदेश कंपनी काढू शकते. ईएसआयमध्ये असलेल्यांनी डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रतही ठेवावी, कारण आजारपणाचा लाभ सुरू असताना कामावरून काढण्यास कायद्याने मनाई आहे. थोडक्यात, लांब रजांचे कागद शेवटचा हिशेब आणि ग्रॅच्युइटी खात्यात जमा होईपर्यंत ठेवावेत. आणि राजीनामा देण्यापूर्वी, पोर्टल चालू असतानाच, शिल्लक रजेचा तक्ता तारखेसह उतरवून घ्यावा.